शब्दचर्चा : 'किमान' कधी म्हणावं? आणि वाटी बहिर्वक्र की अंतर्वक्र?

सुपारीफूल
बी.एस्सी.च्या मुलांसाठी कॅल्क्युलसच्या टिपा मराठीत लिहायला घेतल्यात आणि दोन शब्दांवर अडलेय.

पहिला शब्द कॉन्व्हेक्स. शाळेच्या विज्ञानात कॉन्व्हेक्स भिंग म्हणजे बहिर्वक्र भिंग. पण कॉन्व्हेक्स फंक्शनचा आलेख उताण्या वाटीसारखा असतो. वरून बघणाऱ्याला ती खोलगटच दिसते, म्हणून मुलं हटकून 'अंतर्वक्र' लिहितात. त्यांना चूक म्हणायचं तर कशाच्या जोरावर?

दुसरा शब्द मिनिमम. 'स्थानिक किमान' आणि 'सार्वत्रिक किमान' असं लिहिलंय, पण पहिला शब्द कानाला खटकतो आणि का खटकतो ते सांगता येत नाही.

टिपांमधलं उदाहरण देते. वर झाकण नसलेली, ४ घनमीटर पाणी मावेल अशी चौकोनी टाकी करायची आहे. तळ x गुणिले y मीटर, उंची 4/(xy). तळ आणि चार बाजू मिळून पत्रा लागतो तो असा:

A(x, y) = xy + 8/x + 8/y

दोन्ही डेरिव्हेटिव्ह शून्य धरले की y = 8/x² आणि x = 8/y² मिळतं, म्हणजे x = y = 2. तिथे हेशियनचा निश्चयक ३ येतो आणि A_xx = 2. दोन्ही धन. पुढे मी लिहिलंय, "म्हणून टाकीला किमान १२ चौरस मीटर पत्रा लागतो." वाक्य ठीक आहे ना?

गोणपाट
हेशियन म्हणजे तागाचं कापड ना? आमच्याकडे बारदान म्हणतात, गोणपाटही चालेल. टाकीला बाहेरून गुंडाळायला म्हणताय का?

तिरकस रेघ
गोणपाट, कापडाचं हेशियन जर्मनीतल्या हेसे प्रांतावरून आलं. इथलं हेशियन लुडविग ओटो हेसे या गणितज्ञावरून. जन्म १८११, क्योनिग्सबर्ग. नाव मात्र त्याने स्वतः दिलेलं नाही, ते सिल्व्हेस्टरने दिलं. दुसऱ्या डेरिव्हेटिव्हांची चौकट एवढं समजलं तरी पुरे.

सुपारीफूल, आधी वाटीचं. भिंग आपण काचेच्या बाजूने बघतो. काच कुठे आहे ते ठरवायचं आणि ती बाहेर फुगली आहे का ते बघायचं. आलेखाच्या बाबतीत काच कुठली? आलेखाच्या वरचा सगळा भाग. वाटीत काठोकाठ आमटी भरली, तर त्या आमटीचा आकार बाहेर फुगलेलाच असतो. तिच्यातले कुठलेही दोन बिंदू जोडा, रेघ आमटीतच राहते. भूमितीतला बहिर्वक्र चौकोनही याच अर्थाने बहिर्वक्र. म्हणजे शब्द बरोबर आहे, मुलं वाटी बघतात आणि आपण आमटी बघतो एवढाच फरक.

घातांक
हिंदीतला 'उत्तल' घेतला तर हा घोळच होणार नाही. असो. उदाहरण मला पूर्ण बरोबर वाटतं. हेशियनचा निश्चयक धन, A_xx धन, म्हणजे फंक्शन बहिर्वक्र. बहिर्वक्र फंक्शनला क्रांतिक बिंदू मिळाला की तोच सगळ्यात खालचा बिंदू. प्रमेयच आहे. शिवाय इथे क्रांतिक बिंदू एकच आहे, त्यामुळे शंकेला जागाच नाही.

तिरकस रेघ
प्रमेय खरं आहे, पण तुम्ही ते ज्याला लावताय ते फंक्शन बहिर्वक्र नाही. हेशियन एका बिंदूवर तपासलं, तर त्या बिंदूच्या आसपासचंच कळतं. प्रमेयाला ते सगळ्या x > 0, y > 0 वर लागतं. टाकीचा निश्चयक सर्वत्र काढा:

256/(xy)³ − 1

(2, 2) वर हा ३ आहे हे खरं. (4, 4) वर 1/16 − 1, म्हणजे ऋण. तळाचं क्षेत्रफळ साधारण ६.३५ चौरस मीटरच्या वर गेलं की वाटीचं खोगीर होतं. सूत्र नको असेल तर हातानेच बघा. तळ ३ गुणिले ५ घ्या किंवा ५ गुणिले ३, पत्रा दोन्हीकडे साधारण १९.२७. या दोन्हींच्या बरोबर मधे ४ गुणिले ४, तिथे पत्रा २०. जोडणारी रेघ आलेखाच्या खालून गेली. आमटी सांडली.

घातांक
बरं, बहिर्वक्र नाही हे मान्य. पण क्रांतिक बिंदू एकच आहे हे तर खरं? एकच खळगा आणि दुसरा कुठलाच सपाट बिंदू नाही, तर खाली जाण्यासाठी आधी कुठेतरी चढून वळावं लागेल. वळण नाही म्हणजे त्याहून खाली काहीच नाही.

तिरकस रेघ
एका चलात अगदी असंच आहे. तुमचा युक्तिवाद तिथे चोख बसतो, कारण रस्ता एकच. दोन चलांत बाजूने वळसा घालता येतो. हे बघा:

f(x, y) = x² + y²(1 − x)³

y ने घेतलेला डेरिव्हेटिव्ह 2y(1 − x)³. तो शून्य व्हायचा तर y = 0 किंवा x = 1. x ने घेतलेला 2x − 3y²(1 − x)². x = 1 ठेवला तर तो २ येतो, म्हणून तिथे काही नाही. y = 0 ठेवला तर x = 0. म्हणजे सगळ्या प्रतलावर क्रांतिक बिंदू एकच, उगमबिंदू. तिथे किंमत ०, हेशियन झकास धन, खळगा पक्का. आता x = 3, y = 2 ठेवा: 9 − 32, म्हणजे −२३. y वाढवत न्या, तळच लागत नाही.

सुपारीफूल
हे मी पहिल्यांदाच बघतेय. मग माझं १२ चुकीचं आहे का?

तिरकस रेघ
१२ बरोबर आहे, 'म्हणून' चुकीचं आहे. आणि तुम्हाला शब्द का खटकतो तेही इथेच सापडेल. रोजच्या मराठीत किमान म्हणजे निदान, कमीत कमी. 'किमान वेतन' म्हणजे त्याखाली कुणी देऊच शकत नाही. 'किमान १२ चौरस मीटर' म्हटलं की जगातल्या सगळ्या x, y बद्दल हमी दिली. एका बिंदूवरचं हेशियन अशी हमी देत नाही. ते फक्त म्हणतं की इकडेतिकडे थोडं सरकलात तर चढ आहे. 'स्थानिक किमान' म्हणजे 'आमच्या गल्लीपुरतं कमीत कमी', म्हणून ते विचित्र ऐकू येतं. त्याला मी 'खळगा' म्हणेन आणि 'किमान' हा शब्द खऱ्या हमीसाठी राखून ठेवेन.

पत्रेवाला
मी फॅब्रिकेशनवाला. चर्चा वाचून हसू आलं, राग मानू नका. २ गुणिले २ चा तळ कोण करतं? पत्रा आठ बाय चार फुटांचा येतो. दोन मीटर रुंद तळाला मधे जोड आलाच, आणि जोड आला की गळती आली. शिवाय तळाला आम्ही जाड पत्रा वापरतो, बाजूंना पातळ. तुमचं १२ कागदावरच.

घातांक
पत्र्याचा आकार हा वेगळा प्रश्न आहे हो, इथे शब्दांची चर्चा चाललीय.

तिरकस रेघ
वेगळा नाही, पत्रेवाल्यांचा मुद्दा उपयोगी आहे. जोडाचं मला जमणार नाही, तो पत्र्याच्या तुकड्यांचा हिशेब आहे, त्यात डेरिव्हेटिव्हच निघत नाहीत. पण जाड तळाचं जमतं. तळाचा पत्रा दुप्पट महाग धरला तर xy च्या जागी 2xy येईल. पुढची युक्ती दोन्हींना लागू पडते.

युक्ती अशी. x आणि y धनच आहेत, तर x = eᵘ, y = eᵛ लिहा. मग

g(u, v) = eᵘ⁺ᵛ + 8e⁻ᵘ + 8e⁻ᵛ

u, v काहीही असोत, सगळं प्रतल मोकळं. दुसरे डेरिव्हेटिव्ह घ्या. g_uu = eᵘ⁺ᵛ + 8e⁻ᵘ, g_vv = eᵘ⁺ᵛ + 8e⁻ᵛ, आणि मिश्र g_uv = eᵘ⁺ᵛ. निश्चयक काढताना eᵘ⁺ᵛ चा वर्ग कटतो आणि उरतं

8eᵘ + 8eᵛ + 64e⁻ᵘ⁻ᵛ

यात वजाबाकीच नाही. g_uu सुद्धा धन पदांची बेरीज. म्हणजे हेशियन एकाच बिंदूवर नव्हे, सगळ्या प्रतलावर धन. आता घातांकरावांचं प्रमेय खुशाल लावा: बहिर्वक्र आलेख आपल्या कुठल्याही स्पर्शप्रतलाच्या खाली जात नाही, क्रांतिक बिंदूवर स्पर्शप्रतल आडवं असतं, म्हणून सगळा आलेख त्या उंचीच्या वरच. eᵘ = eᵛ = 2 ला किंमत 4 + 4 + 4. आता म्हणा 'किमान १२'.

घातांक
पण चल बदलले की फंक्शनही बदललं. बहिर्वक्र g आहे, A नाही. मग निष्कर्ष A बद्दल कसा?

तिरकस रेघ
चांगला प्रश्न. बहिर्वक्रता मोजपट्टीवर अवलंबून असते, पट्टी ताणली की ती येते किंवा जाते. पण कुठली किंमत सगळ्यात लहान, हे पट्टीवर अवलंबून नाही. प्रत्येक धन (x, y) ला एकच (u, v), आणि किंमत तीच. g १२ च्या खाली जात नसेल तर A कुठून जाणार?

मर्यादा एवढीच की सगळ्या पदांचे सहगुणक धन हवेत. उरलेल्या पत्र्याचे पैसे परत मिळतात म्हणून कुणी हिशेबात −xy घातलं, की निश्चयकात वजाबाकी शिरते आणि ही खात्री जाते.

पत्रेवाला
मग जाड तळाला किती येतं ते तरी सांगा.

सुपारीफूल
मी करून बघितलं. 2y = 8/x² आणि 2x = 8/y², म्हणून x³ = 4. तळ साधारण १.५९ मीटरचा चौरस, उंचीही तेवढीच, चक्क घन! (जोड मात्र याही तळाला येणारच, पत्रेवाले.) 'म्हणून' खोडून चल बदलायची पायरी घालते. 'खळगा'ही घेते. पण मग मॅक्सिममच्या बाजूला काय? 'टेकाड'?

घातांक
'टेकाड' परीक्षेत लिहिलं तर गुण कापले जातील. मी 'उच्चतम' आणि 'लघुतम'च लिहीन.

गोणपाट
आमच्याकडे लहान टेकडीला 'टेंगूळ' म्हणतात. ते डोक्यालाही येतं.

तिरकस रेघ
'लघुतम' ला माझी हरकत नाही, पण मग 'स्थानिक लघुतम' मध्ये 'तम'चं काय करायचं? अडचण तीच राहते. खोगीर बिंदूला 'खिंड' म्हणावं असंही मनात येतं, कारण खिंडीत एका दिशेला चढ आणि दुसऱ्या दिशेला उतार असतो. पण खोगीर आता बऱ्यापैकी रुळलंय.