विषय: रविवारच्या भेटीआधी अनुजाला पाठवायचा मेसेज, कोणी वाचून सांगाल का?

गौरी:
मंडळी, २० तारखेपर्यंत मी मामाकडेच आहे, आर्वी रोडच्या फाट्यापासून ३ किलोमीटर आत. रविवारी सकाळी ११ वाजता सेवाग्रामला एका गृहस्थांना पहिल्यांदा प्रत्यक्ष भेटतेय. साडेचार महिने फोनवर बोलणं झालंय. मागच्या वेळेचं तुम्हाला ठाऊकच आहे, म्हणून घरी अजून काही सांगितलेलं नाही. अनुजाला हे पाठवणार आहे:

"अनुजा, रविवारी एकांना पहिल्यांदा भेटतेय. पोचले की लोकेशन टाकते. काळजी वाटली तर फोन कर."

एवढं पुरेल ना?

प्रशांत:
मेसेजपेक्षा व्हॉट्सअ‍ॅपवर लाईव्ह लोकेशन लाव. १५ मिनिटं, १ तास आणि ८ तास असे पर्याय येतात, त्यातले ८ तास निवड. अनुजाला तू कुठे आहेस ते दिसत राहील. बाकी काही लिहायची गरजच नाही.

सुनंदाताई:
प्रशांत, लोकेशन लावावंच, पण ते रेंज असेपर्यंतच चालतं. मामाच्या घरी रेंज फक्त माडीच्या खिडकीपाशी येते, हे गौरीनेच मागच्या आठवड्यात लिहिलं होतं. नेट गेलं की नकाशावरचा ठिपका शेवटच्या जागी थांबतो आणि बघणाऱ्याला वाटतं, ही तिथेच बसलीय. शेवटचं अपडेट कधीचं आहे ते खाली लिहिलेलं असतं, ते वाचायचं. तिच्या फोनची बॅटरी संपली तरी हेच दिसणार.

गौरी, तुझ्या मेसेजची खरी अडचण "काळजी वाटली तर" या शब्दांत आहे. काळजी कधी करायची हे तू अनुजावर सोडलंस. ती १० मिनिटांत घाबरेल, नाहीतर "गप्पा रंगल्या असतील" म्हणून संध्याकाळपर्यंत वाट बघेल. महिलांच्या मदतकेंद्रावर ९ वर्षं फोन घेतले, त्यात हे फार वेळा ऐकलं. मैत्रिणीला सगळं माहीत असायचं, फक्त किती वाजता हलायचं ते ठरलेलं नसायचं. तेव्हा एक वेळ लिही, आणि ती वेळ टळली तर कोणी काय करायचं तेही लिही.

दुसरं म्हणजे, तुझे सकाळचे ११ म्हणजे अनुजाकडे न्यू जर्सीत रात्रीचे साडेबारा. दुपारी १ वाजता तिथे पहाटेचे अडीच असतील. आणि अनुजाने तिथून ११२ फिरवलं तर ते भारतात लागणार नाही. वर्ध्याच्या पोलीस ठाण्याचा लँडलाईन नंबर तिच्याकडे हवा, तोही कोडातला पहिला शून्य काढून, म्हणजे +91 7152 आणि पुढे नंबर. रात्री अडीचला झोपेत तो शोधायला लावू नकोस.

वामनकाका:
पोरी, मले एक समजत नाही. मामाच्या पोराले संग घेऊन जायले काय होते? आमच्या वक्ती पोरगी पाहाले ११ जण जात. हे लपवाचं काहून? माहा पुतण्या हिंगणघाटले आहे, गाडी घेऊन येईन म्हणते.

आन् भेटीचं जाऊ दे, आश्रमात रविवारी माणसं असतातच. वापस येताना फाट्यावर उतरलीस की आतले ३ किलोमीटर काय करशीन? दोन्हीकून कपाशी आन् तूर. तुरीत माणूस उभा असला तरी दिसत नाही.

अनुजा:
काका, फाट्याचं माझ्याही डोक्यात आलं नव्हतं.

गौरी, मी आनंदाने हो म्हणेन, पण खरं सांगते, बाळ झाल्यापासून रात्री फोन बंद आवाजात असतो. ठरवलेले नंबर तेवढे वाजतात, त्यात तुझा भारतातला नंबर नाही. तो आजच टाकते. तरी पहाटे अडीचला मी जागी असेनच असं वचन देत नाही. मामांचा नंबरही माझ्याकडे नाही. मला दुसरी ठेव, पहिली कोणीतरी तिथली हवी. तुझी वर्ध्याची वैशाली आहे ना?

मंजिरी (या ईमेल यादीचं काम बघणारी):
कृपया कोणीही इथे त्या गृहस्थांचं नाव, फोटो, नंबर किंवा गौरीच्या मामांच्या गावाचं नाव टाकू नका. इथली पत्रं जुन्या साठ्यात राहतात आणि यादीतल्या प्रत्येकाला आपण ओळखत नाही. पुतण्याचा नंबर गौरीला वेगळा पाठवावा, काका.

प्रशांत:
ताई, तुमचं पटलं. पण पोलिसांपर्यंत जायची वेळ अर्ध्या तासाची ठेवायची का? वर्धा स्थानकावर एसटीच तासभर उशिरा लागते. उगाच धावपळ होईल, आणि घरी कळेल ते वेगळंच.

सुनंदाताई:
म्हणून वेळ घरी पोचण्याची एकच ठेवायची नाही. "भेट संपली, निघाले" याची एक वेळ आणि "घरी पोचले" याची दुसरी. एसटीला उशीर झाला तर दुसरी वेळ गौरीने आधीच फोन करून पुढे ढकलायची. फोन लागत नसेल तर साधा एसएमएस करायचा, नेट नसतानाही तो पुष्कळदा जातो.

आणखी एक. "मी ठीक आहे" हे दुसऱ्याच्या हातातूनही टाईप होतं. म्हणून आवाज ऐकायचा आणि एक साधा प्रश्न ठरवून ठेवायचा. "आईचं औषध आणलंस का?" असं विचारलं की सगळं ठीक असेल तर "उद्या आणते." नुसतं "हो" आलं तर काहीतरी बिनसलंय असं समजायचं. ऐकणाऱ्या तिसऱ्याला यातलं काही कळत नाही.

गौरी:
वैशालीशी बोलले. ती हो म्हणाली, आणि तिने विचारलं तेवढंच मेसेजमध्ये घातलंय. त्यांचं नाव, नंबर, फोटो आणि प्रोफाईलचा स्क्रीनशॉट तिला नि अनुजाला वेगळा पाठवलाय. बाकी असं:

"वैशाली, रविवारी ११ ते १ सेवाग्राम आश्रम. फाटकापाशी भेटणार, आवाराबाहेर कुठे जाणार नाही, त्यांच्या गाडीत बसणार नाही. जागा बदलली तर निघण्याआधी तुला फोन करीन. फोन न करता बदलली तर ते माझ्या मनाने नाही असं समज. अंगावर निळा कुर्ता, तपकिरी शाल. जाताना वर्ध्यापर्यंत एसटी, पुढे ऑटो; येताना वर्ध्यापर्यंत ऑटो, पुढे एसटी. ऑटोच्या नंबरप्लेटचा फोटो बसण्याआधी टाकते.

१.३० पर्यंत 'निघाले' असा फोन येईल. १.४५ झाले तरी आला नाही तर तू १० मिनिटांच्या अंतराने दोनदा फोन कर. उचलला तर औषधाचं विचार. नाही उचलला, किंवा उत्तर चुकलं, तर थांबू नकोस. ११२ ला फोन करून माझं नाव, जागा आणि त्यांचा नंबर सांग. मग मामांना, मग अनुजाला. ४ वाजेपर्यंत 'घरी पोचले' असा फोन नसेल तरी हेच. हे सगळं जमेल का ते मला फोनवर सांग, नुसता अंगठा पाठवू नकोस."

फाट्यावर मामांचा सालगडी मोटारसायकल घेऊन येईल. वर्ध्याला मैत्रिणीकडे जातेय एवढंच त्याला माहीत आहे.

वामनकाका:
मामाले पैले फोन. पोलिसाले मंग. मामा २० मिनिटांत चार माणसं गोळा करते.

अनुजा:
काका, मामा शेतात असले तर त्यांचाही फोन लागत नाही, गौरीच सांगते. मला तरी ११२ आधी बरं वाटतं.

सुनंदाताई:
दोघांचंही बरोबर असू शकतं. वैशालीच्या घरी दुसरं कोणी असेल तर एकाने ११२ आणि एकाने मामा, एकाच वेळी. मात्र त्या गृहस्थांना आधी फोन करायचा नाही. गौरी, तेवढी एक ओळ वाढव.

गौरी:
वाढवली. वैशालीचा नवरा रविवारी घरी आहे, त्याच्याशीही आज रात्री बोलते. मामांना आधी सांगून ठेवायचं का, ते अजून ठरत नाहीये.