‘कमी जोखमीचा पर्याय’ : हा शब्दप्रयोग खरेदी समितीपुढे चालेल का?

मृणाल

नमस्कार. मी राजारामपुरीत अनुवादाची कामे करते. कोल्हापुरातील एक सॉफ्टवेअर कंपनी साखर कारखान्यांना ऊसनोंद, वजनकाटा आणि शेतकऱ्यांची बिले सांभाळणारी प्रणाली विकते. तिच्या माहितीपत्रकाच्या माथ्यावर एकच वाक्य असते आणि कंपनीतील मंडळी त्याला ‘ब्रँड पोझिशनिंग’चे वाक्य म्हणतात. मूळ इंग्रजी वाक्याचा आशय असा होता की, या कामासाठी जे जे उपलब्ध आहे त्यात ही प्रणाली घेण्यात धोका सर्वांत कमी. मी त्याचे ‘ऊस बिलांसाठी सर्वांत कमी जोखमीचा पर्याय’ असे केले.

एका कारखान्याच्या खरेदी समितीपुढे हे पत्रक गेले, तेव्हा एका ज्येष्ठ संचालकांनी विचारले, “कमी जोखमीचे म्हणजे किरकोळ कामाचे का? आमच्याकडे बिलाइतके जोखमीचे दुसरे काही नाही.” त्यानंतरची चर्चा भलतीकडेच गेली आणि आता कंपनीला दुसरा शब्द हवा आहे. ‘जोखीम’ हा शब्द आपल्याकडे अजून त्या अर्थाने वापरतात का? आणि ‘पोझिशनिंग’ला मराठीत काय म्हणावे?

दत्तात्रय

मृणालताई, संचालकांचे काहीही चुकलेले नाही. आमच्या घरी बाहेरगावी निघताना “अंगावर जोखीम आहे, गर्दीत जाऊ नकोस” असे सांगत. तेथे जोखीम म्हणजे दागिने आणि रोकड. ‘जोखमीचे काम’ म्हणजे ज्यावर पुष्कळ काही अवलंबून आहे असे, विश्वासू माणसाकडेच सोपवायचे काम. ज्यांच्या कानात हा अर्थ आहे त्यांना ‘कमी जोखमीचा’ हे ‘कमी मोलाचा’ असेच ऐकू येणार. बँकेतील आणि विम्यातील मराठीने ‘जोखीम’ला केवळ धोक्याचा अर्थ चिकटवला असून तो तरुण मंडळींत रुळला आहे. तुमच्या समितीत दोन्ही पिढ्या बसलेल्या असणार.

मी एका कारखान्यात चीफ अकाउंटंट होतो आणि खरेदी समितीत अनेक वर्षे बसलो आहे. म्हणून सांगतो, त्या खोलीत एका शब्दाचे जितके सभासद तितके अर्थ होतात.

श्रीपाद

‘जोखीम’ हा ‘योगक्षेम’ या संस्कृत शब्दाचा तद्भव असल्याचे मी मानतो. मिळवणे आणि मिळवलेले राखणे हे दोन्ही त्यात आहे, त्यामुळे मौल्यवान वस्तू हा अर्थ मुळाशी अधिक जवळचा ठरतो. विम्यातील अर्थ मागाहूनचा आहे.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सरळ आहे. ‘ब्रँड’ला नाममुद्रा आणि ‘पोझिशनिंग’ला स्थाननिश्चिती म्हणावे. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो कारभाराची भाषा आपली असावी म्हणूनच. शब्द वापरला की तो रुळतो. आपण वापरतच नाही.

विनायक

जोखीम हा शब्द ‘जोखणे’ म्हणजे तोलणे यावरून आलेला आहे असे आम्ही शाळेत शिकलो. सोने तोलतात म्हणून ती जोखीम.

माझा शिरोलीत कास्टिंगचा कारखाना आहे. आमच्या कंपनीचे बोधचिन्ह आणि नाव नुकतेच बदलून घेतले, तेव्हा त्या संस्थेने हाच ‘ब्रँड पोझिशनिंग’ शब्द वापरला होता. मला वाटते मृणालताईंनी ‘ओळख’ म्हणावे. रंग आणि चिन्ह चांगले असले की ओळख आपोआप होते.

अश्विनी

विनायकराव, बोधचिन्ह ही वेगळी गोष्ट आहे. मी सॉफ्टवेअर विक्रीत काम करते. आमच्या धंद्यात हा शब्द प्रामुख्याने अल रीस आणि जॅक ट्राउट यांच्या १९७२ मधील लेखांमुळे रूढ झाला. त्यांचा मुद्दा असा होता की, ‘पोझिशन’ ही मालात नसते, ती ग्राहकाच्या मनात असते. म्हणून ‘स्थाननिश्चिती’ मला पटत नाही. त्यात कंपनी बसून आपले स्थान निश्चित करते असा भास होतो. प्रत्यक्षात समिती तुलनात्मक तक्ता करते आणि कोणत्या रकान्यात, कोणाच्या शेजारी तुम्हाला बसवायचे ते ती ठरवते. तुमच्या हातात एवढेच असते की, तिला योग्य शेजार सुचवणे.

एक उदाहरण देते. ऊस बिलांची प्रणाली विकणाऱ्या एका कंपनीने आरंभी स्वतःला ‘साखर कारखान्यांसाठी संपूर्ण ईआरपी’, म्हणजे सर्व विभागांचा कारभार एकत्र सांभाळणारी प्रणाली, म्हणवून घेतले. परिणाम असा झाला की, तक्त्यात तिच्या शेजारी बड्या ईआरपी कंपन्या आल्या. मग उलाढाल किती, अभियंते किती, शाखा कोठे, हे प्रश्न निघाले आणि ती प्रत्येक रकान्यात उणी ठरली. पुढच्या ठिकाणी तिने ‘सोपे आणि स्वस्त बिलिंग’ म्हटले. तेथे शेजारी तयार हिशेबाचे पॅकेज आले आणि इतके महाग का, एवढाच प्रश्न उरला. दोन्ही वेळा प्रणाली तीच होती. चुकीच्या रकान्यात बसल्याची खूण अशी की, सभासद तुमच्या कामाबद्दल विचारीतच नाहीत. एक तर तुमच्या आकाराबद्दल विचारतात किंवा दराबद्दल.

दत्तात्रय

अश्विनीताईंचे म्हणणे मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूने पाहिले आहे. त्यात एक भर घालतो. कारखान्यात अशा विक्रेत्याचा खरा स्पर्धक दुसरा विक्रेता नसतो. “हंगाम तोंडावर आला, पुढच्या वर्षी बघू” हे वाक्य त्याचा स्पर्धक असते. ते वाक्य बोलणाऱ्यावर कोणी कधी ठपका ठेवत नाही. नवी प्रणाली घेतली आणि गाळप सुरू झाल्यावर काट्यावर ट्रॅक्टरांची रांग लागली, तर मात्र सही करणाऱ्याचे नाव निघते.

आता कोण कशाला भितो ते पाहा. शेती अधिकारी तोडणीचा क्रम बिघडण्याला भितो, कारण शेतकरी त्याच्या दारात येतो. संगणक विभागाला जुन्या नोंदी नव्या प्रणालीत नीट उतरतील का ही काळजी असते. लेखा विभाग मुदतीला भितो. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस पोहोचल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावे लागतात आणि थकल्यास वर्षाला १५ टक्के व्याजाची तरतूद आहे. त्यात प्रत्येक बिलातून सोसायटीची वसुली अचूक कापली जावी लागते. कार्यकारी संचालकाला एकच हवे असते की, सभेत उत्तर देता यावे.

या सर्वांपुढे ‘जोखीम’ म्हटले की प्रत्येकाला आपापली भीती आठवते, मग पुढे ‘कमी’ लिहिलेले असो वा नसो. माझा आक्षेप अर्थापेक्षा या गोष्टीला अधिक आहे.

मृणाल

मग ‘सुरक्षित पर्याय’ म्हटले तर?

विनायक

येथे माझा अनुभव उपयोगी पडेल. भट्टीत एका वेळी वितळवलेल्या धातूच्या घाण्याला आम्ही हीट म्हणतो. त्या हीटच्या नंबरपासून माल रवाना होईपर्यंतची नोंद ठेवणारे सॉफ्टवेअर आम्ही घेतले. विक्रेत्याने ‘सुरक्षित’ हा शब्द वापरला होता. आमच्या संगणक विभागाने तो विदासुरक्षेचा दावा समजून सर्व्हर, पासवर्ड आणि बॅकअप यांवर लांबलचक प्रश्नावली पाठवली, आणि भट्टीवरच्या सुपरवायझरला वाटले की अपघात टाळण्यासाठी काही यंत्र येणार आहे. मूळ विषय इतकाच होता की, ग्राहकाने सदोष कास्टिंग परत पाठवले तर ते कोणत्या दिवशीच्या कोणत्या हीटचे हे सापडावे.

अश्विनी

हेच सांगायचे होते. समितीला विकताना तुम्ही खोलीत थोडा वेळ असता आणि निर्णय तुमच्या माघारी होतो. तुमची बाजू घेणारा एखादा अधिकारी इतरांना तुमच्याविषयी सांगतो. त्याला पत्रक न पाहता जे वाक्य बोलता येईल आणि पुढच्या माणसाने विचारलेल्या पहिल्या प्रश्नावर जे टिकेल, तेच तुमचे वाक्य. आम्ही भेटीनंतर काही दिवसांनी त्या अधिकाऱ्याला सहज विचारतो की, वरिष्ठांना आमच्याबद्दल काय सांगितले. तो आपल्या शब्दांत जे सांगतो ते लिहून घेतो. ते आमच्या वाक्यापासून दूर गेलेले असेल तर बहुधा आमचेच वाक्य बदलावे लागते.

दत्तात्रय

आमच्याकडे जी प्रणाली शेवटी मंजूर झाली तिच्या विक्रेत्याने शब्दापेक्षा पुरावा पुढे ठेवला होता. गाळप बंद असताना त्याने सरलेल्या हंगामातील एका पंधरवड्याच्या काट्याच्या नोंदी मागून घेतल्या, त्या आपल्या प्रणालीतून चालवल्या आणि निघालेली बिले आम्ही प्रत्यक्ष वाटलेल्या बिलांशी ताडून दाखवली. काही बिलांत फरक आला. तो वाहतुकीच्या अंतराच्या टप्प्यांमुळे होता, आणि त्याने कोणत्या बिलात किती फरक व का, याची यादीच दिली. त्या यादीने मला जिंकले, कारण ऑडिटरने विचारले असते तर मी तीच पुढे केली असती. बैठकीत मी म्हणालो, “हंगामाआधी आपलीच बिले काढून दाखवणारे लोक आहेत.” पुढे सर्व जण त्यांना याच नावाने ओळखू लागले.

मृणाल

काका, हे फारच नेमके आहे. मग वाक्य ‘हंगामाआधी तुमचीच बिले काढून दाखवतो, पहिल्या पंधरवड्याच्या अचूकतेची हमी’ असे केले तर?

दत्तात्रय

पूर्वार्ध उत्तम. ‘हमी’ मात्र काढा. निविदेच्या कागदात हमी शब्द आला की कायदा सल्लागार हमीपत्र, अनामत आणि दंडाचे कलम मागतो. ‘खात्री’ म्हणा किंवा ‘खातरजमा करून घ्या’ म्हणा. त्यात तपासण्याचे काम समितीकडे राहते आणि तिला तेच आवडते.

श्रीपाद

हमी, खात्री, खातरजमा, सारेच अरबी-फारसीतून आलेले. ‘पडताळणी’ हा स्वच्छ शब्द असताना हा आग्रह कशासाठी?

अश्विनी

श्रीपादराव, याच कोल्हापुरात राजाराम महाविद्यालयात शिकवणाऱ्या माधव जूलियनांनी फारसी-मराठी कोश केला आणि पुढे भाषाशुद्धीचाही कैवार घेतला. तेव्हा हा वाद जुना आहे. मला येथे व्यवहार दिसतो. ‘पडताळणी’ म्हटले की कोणीतरी अधिकारी तपासायला येणार असे वाटते. ‘खातरजमा’ माणूस स्वतःच्या समाधानासाठी करतो. ‘खातिर’ म्हणजे मन आणि ‘जमा’ म्हणजे एकत्र. विखुरलेले मन ठिकाणावर येणे. सावध समितीसाठी याहून जवळचा शब्द मला दिसत नाही.

श्रीपाद

व्युत्पत्ती सुंदर आहे, हे मान्य. तरीही कंपनीच्या अधिकृत मराठीत ‘पडताळणी’च हवी. शासनाच्या कागदांत तोच शब्द आहे आणि सहकारी कारखान्यांचा पत्रव्यवहार शासनाशीच असतो.

दत्तात्रय

त्यात तथ्य आहे. साखर आयुक्तालयाला जाणाऱ्या पत्रात मीही पडताळणीच लिहीत असे. पत्रक मात्र बैठकीत मोठ्याने वाचले जाते.

विनायक

मला एक शंका आहे. निविदेतच ‘संपूर्ण ईआरपी’ मागितले असेल तर ‘तुमचीच बिले काढून दाखवतो’ म्हणणारी कंपनी तांत्रिक लिफाफ्यातच बाद होणार नाही का? आमच्याकडे पात्रतेच्या अटी आधी लागतात, वाक्य नंतर वाचले जाते.

अश्विनी

होते तसे, आणि त्यावर माझ्याकडे पक्के उत्तर नाही. निविदा निघाल्यावर रकाना बदलत नाही. जे करायचे ते अटी लिहिल्या जाण्यापूर्वी, गाळप संपून समिती विचार करू लागते त्या महिन्यांत करावे लागते. काही कंपन्या मोठ्या ईआरपीवाल्याच्या जोडीने निविदा भरतात आणि बिलांचा भाग आपल्याकडे ठेवतात. पण मग त्यांचे नाव तक्त्यात येतच नाही.

दत्तात्रय

जोडीने भरलेली निविदा आमच्याकडे एकदा आली होती. बिलात चूक निघाली तर जाब कोणाला विचारायचा, यावरच बैठक अडली. मृणालताई, तुमच्या कंपनीला आधी एवढे विचारा की, ती स्वतंत्र निविदा भरते की कोणाच्या पोटात. त्यावर शब्द ठरेल.

मृणाल

विचारते. ‘पोझिशनिंग’ला काय म्हणायचे ते अजून राहिलेच आहे.

श्रीपाद

स्थाननिश्चिती.

अश्विनी

मी ‘पोझिशनिंग’च लिहीन.