फळं तोडायला येणाऱ्या पाहुण्यांसाठी बागेचं नाव: 'ताजा तोडा' कसं वाटतं?

चांदणवेल:
पेरू आणि चिकूची बाग आहे. पाहुणे मुलाबाळांसह राहतील आणि स्वतः फळं तोडतील. 'ताजा तोडा' हे नाव सुचलंय. ताजेपणा आणि घरच्यांची मजा, दोन्ही त्यात येतं का?

रानमेवा:
'तोडा' कानाला कठोर लागतं. 'खुडणी' घ्या, किती हळुवार शब्द आहे!

जुनीवही:
हळुवार आहे, पण जागा चुकते. नखाने किंवा चिमटीने जे तुटतं ते खुडतात: कळी, तुळस, पालेभाजी. पेरू तोडतात. बोरं खाली पडलेली असली तर वेचतात. उंचावरची फळं झेल्याने उतरवतात. 'तोडा' हा बागायतदारांचा रोजचा शब्द आहे. 'दुसरा तोडा चालू आहे' म्हणजे काढणीची दुसरी फेरी. शहरातल्या माणसाला मात्र आधी पायातला दागिना आठवेल, किंवा ती आज्ञा वाटेल.

शिवारफेरी:
आमच्याकडे स्ट्रॉबेरी आहे. पाटीवर 'तोडा आणि खा' लिहिलंय, लोकांना लगेच कळतं. तुम्हीही तेच लिहा.

जुनीवही:
स्ट्रॉबेरी तोडल्यावर पिकत नाही, म्हणून ती झाडावर लाल झाल्यावरच काढतात आणि लगेच खाता येते. चिकूचं तसं नाही. तो तयार झाला की कडकच तोडतात आणि मग काही दिवस पिकायला ठेवतात. तेव्हाच चावला तर तोंडात चीक येतो आणि तुरट लागतो. नाव 'तोडा आणि खा' असलं की पहिल्याच झाडापाशी मुलं हिरमुसतील. तयार चिकू ओळखायला साल नखाने जरा खरवडायची. खाली हिरवं दिसलं तर थांबायचं, पिवळसर दिसलं तर तोडायचा. पेरूचा गडद हिरवा रंग फिकट होऊन पिवळसर झाक आली की तो तिथेच खाता येतो. म्हणून खाण्याचं वचन नावात नको, तोडण्याचं चालेल.

रानमेवा:
मग 'देठ'? हिरवा देठ हीच ताजेपणाची खूण.

चांदणवेल:
आवडलं! पण नकाशावर लोक इंग्रजी अक्षरांत शोधतील. तिथे Deth दिसेल.

जुनीवही:
ते वाचताना मरणच डोळ्यांपुढे येईल, म्हणून नको. 'ताजा'चा हट्टही सोडा. तो शब्द भाजीच्या गाडीवरही असतो, त्यामुळे वेगळं काही सांगत नाही. 'लेकुरवाळी' बघा. लेकरांनी वेढलेली आई आणि फळांनी लगडलेलं झाड, दोन्ही एका शब्दात येतात. ताजेपणा खालच्या ओळीत सांगा: 'झाडावरून थेट तुमच्या परडीत'.

शिवारफेरी:
मुलं नसलेल्या जोडप्यांना हे नाव आपलं वाटेल का?

जुनीवही:
ही शंका रास्त आहे. 'लेकुरवाळी बाग' केलं तर विशेषण बागेकडे जातं आणि पाहुण्यांवरचा रोख कमी होतो. पूर्ण जातो असं म्हणणार नाही.

चांदणवेल:
आणि Lekurwali की Lekurvali?

रानमेवा:
मी w लिहिते.

शिवारफेरी:
मी v.