मदत हवी आहे: एकाच शाखेत दोन फ्रिक्वेन्सी आल्या तर फेजर कसे मांडायचे?

नमस्कार मंडळी. धाकटी बहीण नांदेडला इलेक्ट्रिकल डिप्लोमा करते, तिच्या एका गणितावर अडलोय.

30 ओहमचा रेझिस्टर आणि 0.4 हेन्रीची कॉइल सिरीजमध्ये, त्यांच्याशी सिरीजमध्येच दोन सोर्स: `60 cos 100t` आणि `80 sin 100t` व्होल्ट. इथवर जमलं. साइनचा कोसाइन केला की 90 अंश मागे जातो, म्हणून फेजर `60 − j80`, म्हणजे `100∠−53.13°`. बेरीज 140 येत नाही, हे तिला आकृती काढल्यावरच पटलं. इम्पिडन्स `30 + j40 = 50∠53.13°`. भागाकार केला की `i = 2 cos(100t − 106.26°)` अँपिअर. साइन धरून केलं तर कोन −16.26° येतो, पण करंट तोच.

आता दुसरा सोर्स `80 sin 200t` केलाय. त्याच्यासाठी कॉइलचा रिअॅक्टन्स 80 ओहम होतो, म्हणजे इम्पिडन्सच बदलला. मी दोन्ही सोर्स वेगवेगळे सोडवले:

```
i = 1.2 cos(100t − 53.13°) + 0.936 sin(200t − 69.44°)
```

दोन फेजर वेगवेगळ्या वेगाने फिरतात, म्हणून ते एकत्र न करता करंटची बेरीज `t` मध्येच ठेवली. उत्तर इथेच थांबवायचं ना? आणि आरएमएस विचारला तर दोन्हींच्या वर्गांच्या बेरजेवरून 1.08 अँपिअर धरलाय, तो बरोबर आहे का? परीक्षेत एवढी मांडणी पुरेल का, हेही कुणी शिकवणाऱ्यांनी सांगा.