मदत हवी आहे: फोटोवरून फळीवरची पुस्तकं काढतेय, भागाकार एक सांगतो आणि डोळे दुसरंच

नौपाडावासी

नमस्कार मंडळी, हा गणिताचा धागा आहे की वाचनालयाचा ते मलाच कळेना म्हणून इथे टाकतेय. आमच्या नौपाड्यात एक छोटं वाचनालय आहे, मी शनिवार-रविवार तिथे मदतीला जाते. सध्या गच्चीचं वॉटरप्रूफिंग काढलंय त्यामुळे सगळ्या रॅकवर निळी ताडपत्री टाकून सुतळीने आवळून ठेवलंय, काम संपेपर्यंत उघडायचं नाही असं फर्मान आहे. झाकायच्या आधी आम्ही फोटो काढून ठेवले होते, एका फळीचा एक, असे ६२ फोटो, बालविभाग धरला नाहीये.

आता कमिटीला पुस्तकांचा आकडा हवाय. बारकोडचे स्टिकर छापायचेत आणि डेटा एन्ट्रीवाला पुस्तकामागे पैसे घेणार, आकडा सांगितल्याशिवाय कोटेशनच देत नाही. रजिस्टरमधला शेवटचा दाखल क्रमांक कामाचा नाही कारण हरवलेली, फाटलेली, रद्दीत गेलेली पुस्तकं वर्षानुवर्षं कुणी वजाच केलेली नाहीत.

मी काय केलं, झाकायच्या आधीच फळीची आतली लांबी टेपने घेतली, ८८ सेंमी, सगळे रॅक एकाच मापाचे. मग जाडीची सरासरी काढायला दहा पुस्तकं घेतली, आणि मुद्दाम निवडल्यासारखं होऊ नये म्हणून वेगवेगळ्या फळ्यांवर डोळे मिटून हात ठेवला, बोट लागेल ते पुस्तक ओढलं. मापं मिमीमध्ये: १२, ४५, २८, १८, ५२, १६, ३४, २२, ३८, १५. सरासरी २८. म्हणजे ८८० भागिले २८, फळीला ३१ पुस्तकं, गुणिले ६२ म्हणजे १९२२.

छान वाटलं. मग सहज एक फोटो झूम करून मोजला तर ४४ निघाली! दुसरा मोजला तर ३८. माझं नेमकं कुठे चुकतंय? सगळे ६२ फोटो मोजत बसायची तयारी नाही, खरं सांगते, पाच मिनिटांत डोळे फिरतात.

ऐरोली_बॉय

ताई सॅम्पल छोटं आहे बस. दहा पुस्तकांवर काय सरासरी निघणार, पन्नास घ्या, आकडा आपोआप खाली येईल. आणि ४५, ५२ वाले जाडजूड काढून टाका सरळ, ते आउटलायर आहेत.

कोपरी_काका

सॅम्पल वगैरे राहू द्या हो, आधी फळी बघा. माझ्याकडे घरी प्लायवूडची तीन फुटी फळी होती, दोन पावसाळ्यात मधोमध अशी वाकली की खालच्या फळीवरची पुस्तकं बाहेरच निघेनात, शेवटी सुताराला बोलावून मध्ये उभा टेकू मारून घेतला. तुमचे रॅक लोखंडी असतील तर प्रश्न नाही. आणि टेम्पोसाठी हवं असेल तर पुस्तकं मोजायचीच कशाला, आम्ही उलव्याला शिफ्ट झालो तेव्हा मूव्हर्सवाल्याने फक्त फळ्या मोजल्या आणि खोकी सांगितली, एक कमी पडलं नाही.

नौपाडावासी

काका शिफ्टिंग नाहीये, रॅक आहेत तिथेच राहणार. स्टिकर पुस्तकाला लागतो, फुटावर नाही 😅

मोजपट्टी

काकांचा मुद्दा दुसऱ्या कामाला बरोबर आहे. खोकी किंवा नवे रॅक काढायचे असतील तर नुसती लांबी पुरते, पुस्तकं किती याची गरजच नाही. इथे नग हवेत म्हणून गोची आहे.

ऐरोली_बॉय, पन्नास घेतली तरी हा आकडा खाली येणार नाही. पाचशे घेतली तरी नाही. चूक डोळे मिटून हात ठेवण्यात आहे. बोट कुठे लागतं? फळीवरच्या जागेवर. पाच सेंमीच्या ग्रंथाने पाच सेंमी जागा अडवलीय, एक सेंमीच्या कवितासंग्रहाने एकच. मग बोट जाड्यावर पडायची शक्यता पाचपट. तुम्हाला वाटतं सगळ्यांना समान संधी दिली, पण प्रत्यक्षात संधी जाडीप्रमाणे वाटली गेली.

कागदावर करून बघा. समजा फळीवर ३० पुस्तकं एकेक सेंमीची आणि १० पुस्तकं चार-चार सेंमीची. एकूण ७० सेंमी, ४० पुस्तकं, खरी सरासरी पावणेदोन सेंमी. आता बोट ठेवा. ७० पैकी ३० सेंमीवर बारीक पुस्तक लागेल, ४० सेंमीवर जाडं. या हिशोबाने बोटाने काढलेल्या पुस्तकांची सरासरी येते साधारण २.७ सेंमी. ७० भागिले २.७ म्हणजे २६. चाळीसची सव्वीस झाली, आणि एकही माप चुकलेलं नाही!

बरं, तुमची दहा मापं फुकट गेलेली नाहीत. जाडीची सरासरी काढू नका, प्रत्येक जाडीचा उलटा घ्या, म्हणजे १ भागिले १२, १ भागिले ४५, असं दहाही, आणि त्यांची सरासरी काढा. ती आली ०.०४४६. ही झाली एका मिमीमध्ये सरासरी किती पुस्तकं. गुणिले ८८०, म्हणजे ३९. बोट जाड्याकडे जेवढं जास्त जातं तेवढंच वजन उलटा घेतल्यावर कमी होतं, म्हणून फिटंफाट. माझ्या वरच्या उदाहरणात हेच केलंत तर बरोबर ४० परत मिळतात.

३१ चे ३९ झाले. ४४ आणि ३८ शी आता भांडण राहिलं नाही, उरलेला फरक दहाच मापं असल्याचा.

ऐरोली_बॉय

ओके हे भारी आहे, मान्य. पण मग जाडे काढून टाकायला काय हरकत? तेच तर घोळ करतायत.

मोजपट्टी

ते खरंच फळीवर उभे आहेत ना, जागा खातायत. माझ्या पद्धतीत ते काढलेत तर आकडा उलट्या बाजूला फुगेल. तुमच्या पद्धतीने ४५ आणि ५२ वगळले की सरासरी येते साधारण २३, म्हणजे ३८ पुस्तकं, उत्तर योगायोगाने जवळ येतं आणि म्हणूनच ही सवय वाईट. पुढच्या वेळी ३८ वाला पण काढावासा वाटेल, मग थांबायचं कुठे?

घणसोली_लोकल

मी एक विचारू का, फोटोतली मोजणीच चुकली असेल तर? स्क्रीनवर दोन पुस्तकं तीन दिसतात कधीकधी, कव्हरवर उभा पट्टा असला की.

नौपाडावासी

तो डाउट मलापण होता. पण आमच्याकडे प्लास्टिकचं कव्हर आणि खाली दाखल क्रमांकाची पांढरी चिठ्ठी प्रत्येकाला असते, मी चिठ्ठ्याच मोजल्या.

मोजपट्टी

चिठ्ठ्या मोजल्यात हे उत्तम. आणि फोटोतली चूक बहुतेक कमीच्या बाजूला होते, सात-आठ मिमीच्या पुस्तकावर चिठ्ठी कडेवरून वळलेली असते, ती निसटते. म्हणजे ४४ हा तळ समजा.

आता पुढचं. फोटो हातात आहेत तर जाडीच्या वाटेला जाऊच नका. थोडे फोटो मोजा, पण कुठले ते स्वतः ठरवू नका, कारण माणूस स्वच्छ फोटो उचलतो आणि स्वच्छ वाचता येणारी फळी म्हणजे जाड्या कण्याची पुस्तकं, घोळ परत तोच. फोटोंना रॅकच्या क्रमाने १ ते ६२ नंबर द्या, घरात कुणालातरी १ ते ८ मधला एक आकडा विचारा, तिथून दर आठवा फोटो. क्रमाने गेल्याचा फायदा असा की कादंबऱ्या, चरित्रं, संदर्भग्रंथ सगळ्यांत एकेक फळी मिळते.

नौपाडावासी

सासूबाईंना विचारलं, त्या म्हणाल्या पाच. म्हणून ५, १३, २१, २९, ३७, ४५, ५३, ६१. मोजले ते असे: ४३, ३८, ५१, ४७, ३६, ४४, ४९, आणि शेवटचा अडकलाय. ६१ नंबरच्या फोटोत उजव्या अर्ध्या भागावर फ्लॅश आपटलाय, प्लास्टिक कव्हरमुळे सगळं पांढरं, आणि फोटो तिरका पण आहे, गल्ली इतकी अरुंद आहे की समोर उभंच राहता येत नाही. डावा अर्धा मोजून दुप्पट करू का?

घणसोली_लोकल

तिरक्या फोटोत अर्धं कुठे ते कसं कळणार? जवळची बाजू मोठी दिसते. स्क्रीनवर पट्टी ठेवून मध्य काढलात तर चुकेल.

मोजपट्टी

बरोबर पकडलंत. पट्टीने नाही, तिरक्या दोऱ्यांनी काढा. फळीचा कप्पा म्हणजे चौकट: वरची फळी, खालची फळी, दोन उभे खांब. फोटोत या चौकटीचे समोरासमोरचे कोपरे दोन रेघांनी जोडा, रेघा जिथे छेदतात तो खरा मध्य, फोटो कितीही तिरका असू दे. स्क्रीनच्या मध्यावर तो येणार नाही, लांबच्या खांबाकडे सरकलेला दिसेल, घाबरू नका. पुस्तकं कडेपासून थोडी आत असतात त्यामुळे एखादं पुस्तक इकडचं तिकडे होईल, तेवढं चालतं. फक्त एक बघा, डाव्या बाजूला एखाद्या ग्रंथाचे सगळे खंड ओळीने नाहीत ना, मग दुप्पट करणं फसवं.

नौपाडावासी

मोबाईलवर बोटाने रेघा मारल्या 😄 खंड नाहीयेत, सगळे कथासंग्रह. डावीकडे २०, म्हणजे ४० धरले. आठांची बेरीज ३४८, सरासरी साडेत्रेचाळीस. गुणिले ६२ = २६९७. माझ्या पहिल्या आकड्यापेक्षा पावणेआठशे जास्त!! मी १९२२ सांगून बसले असते तर स्टिकर संपले असते मधेच.

मोजपट्टी

२६९७ असं लिहून देऊ नका, कमिटीला वाटेल मोजलेत. तुमच्या आठ आकड्यांचा चढउतार बघता अडीचशे इकडे किंवा तिकडे धरा, म्हणजे साधारण २४५० ते २९५०. स्टिकर वरच्या टोकाने छापा, ३०००, उरले तर नव्या खरेदीला लागतात. डेटा एन्ट्रीवाल्याला मात्र आकडा बांधून देऊ नका, दर ठरवा आणि पैसे झालेल्या पुस्तकांवर.

कोपरी_काका

आणि बालविभाग? तिथे तर पिना मारलेली सोळा-सोळा पानांची पुस्तकं असतील, त्यांना कणाच नसतो.

नौपाडावासी

तेच तर, सहा फळ्या आहेत आणि फोटोत नुसत्या कागदाच्या कडा दिसतायत. तिथे चिठ्ठी पण मुखपृष्ठावर लावतो आम्ही.

मोजपट्टी

ते फोटोवरून होणार नाही. ताडपत्री निघाली की ठिकठिकाणी वीत-वीतभर गठ्ठा हातात घेऊन मोजावं लागेल.

घणसोली_लोकल

ताई अजून एक. रॅक किती खोल आहेत? १५ इंची असतील तर त्यात डेमी आकाराच्या पुस्तकांच्या दोन रांगा आरामात बसतात. आमच्या कॉलेजात मागच्या रांगेत जुन्या आवृत्त्या सरकवून ठेवायचे.

नौपाडावासी

अरे देवा. खोली मोजलीच नाही मी. आत्ता २९ नंबरचा फोटो परत उघडला, दोन पुस्तकांच्या मधल्या फटीतून मागे काहीतरी तपकिरी दिसतंय, बाइंडिंग आहे की रॅकचा गंज ते कळत नाहीये. शनिवारी वॉचमनकाकांना मस्का मारून एका रॅकची सुतळी सोडवून बघते.