प्रतिसाद : फोकसची स्टेप मिलिमीटरमध्ये मोजा

«कोल्हापुरी साजाच्या पानडीचे स्टॅकिंग करताना कॅमेऱ्यात स्टेप ५ ठेवली, तर मध्येच धूसर पट्टे येतात. फोकस नेमका किती सरकवायचा?»

स्टॅकिंगमध्ये फोकस थोडाथोडा सरकवत घेतलेल्या फ्रेम जोडून एकच धारदार फोटो बनवतात; धूसर पट्टे म्हणजे अशा दोन फ्रेमच्या फोकसमध्ये राहिलेली फट. मेन्यूतला ५ हा आकडा मिलिमीटर नसतो आणि प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो, म्हणून आधी तो मोजून घ्या. पोलादी मोजपट्टी ४५ अंशांत तिरकी ठेवा, त्याच लेन्सने, त्याच ॲपर्चरवर १० फ्रेम घ्या. पहिल्या आणि शेवटच्या फ्रेममधला धारदार भाग पट्टीवर किती सरकला ते वाचा, त्याला ०.७ ने गुणा आणि ९ ने भागा. ही तुमची खरी स्टेप.

फुल फ्रेमवर १:१ मॅग्निफिकेशन आणि एफ/५.६ असेल, तर ती ०.२५ मिमीच्या आसपास हवी. समजा पट्टीवर ६.४ मिमी सरकले, तर स्टेप ०.५ मिमी निघते, म्हणजे दुप्पट. आकडा कमी करून पुन्हा मोजा. पानडीची खोली ६ मिमी धरली तर २४ फ्रेम होतात. पुढे-मागे तीन-तीन जादा घ्या, ३० झाल्या.

फ्रेम वाचवायला एफ/१६ लावू नका. १:१ वर ते प्रत्यक्षात एफ/३२ इतके होते आणि डिफ्रॅक्शनमुळे सोन्यावरची बारीक नक्षी मऊ पडते.

एक्स्पोजर, व्हाइट बॅलन्स मॅन्युअल ठेवा. कॅमेराच पुढे-मागे नेणारी रेल सरकवली की चकचकीत मण्यांवरचे प्रतिबिंबही सरकते आणि कडेला दुहेरी रेघ येते. त्यामुळे साजासाठी कॅमेरा स्थिर ठेवून लेन्सचाच फोकस फिरवणे बरे.