फाळणीचं कर्ज नेमकं कोणी फेडलं?

सडेतोड: देश तुटला की कर्जही त्याच प्रमाणात तुटतं. 1947 ला रोकडीतला 17.5 टक्के वाटा पाकिस्तानचा ठरला, कर्जही तसंच वाटलं आणि दोघांनी आपापलं फेडलं. यात वाद कसला?

हिशेबनीस: प्रमाण बरोबर आहे, पण ‘आपापलं फेडलं’ हे साफ चूक, म्हणून लिहितोय. ज्याच्याकडे ब्रिटिश काळातल्या हिंदुस्थान सरकारचे रोखे होते, त्याने पैसे मागायला कोणाकडे जायचं? काल जन्मलेल्या पाकिस्तानकडे? धनकोंनी हे मान्य करणं शक्य नव्हतं. म्हणून सगळं कर्ज भारताने स्वतःच्या नावावर घेतलं. पाकिस्तानने आपला वाटा भारताला द्यायचा होता, 1952 पासून 50 वार्षिक हप्त्यांत. ते हप्ते आलेच नाहीत. आपल्या अर्थसंकल्पाच्या कागदांत पाकिस्तानकडून 300 कोटी येणं अशी नोंद वर्षानुवर्षं दिसते. धनकोचा धोका टळला, तो आपल्या गळ्यात पडला.

रानवारा: आणि वर 55 कोटी दिले! येणं होतं तर त्यातूनच कापायचे.

हिशेबनीस: ते कर्ज नव्हतं. तिजोरीतल्या रोकडीत पाकिस्तानचा वाटा 75 कोटी ठरला, 20 आधीच दिले होते, 55 राहिले. कर्जाचा पहिला हप्ताच 1952 चा. जानेवारी 1948 मध्ये न आलेलं येणं कापणार कसं?

रानवारा: काश्मीरमध्ये आपले जवान मरत होते! समोरच्याच्या बंदुकीला पैसे पुरवायचे? तुम्हाला फक्त वह्या दिसतात.

हिशेबनीस: काश्मीरचं कारण खरं आहे, तेवढं मान्य. पटेलांनीही रक्कम अडवण्याचं तेच कारण दिलं होतं, कर्जाचं नाही. माझं म्हणणं इतकंच, की ही दोन खाती वेगळी आहेत. ती तुम्ही एक करताय.

नलिनीताई: माझे आजोबा कराचीत नोकरीला होते. मुंबईला आले तेव्हा अंगावरचे कपडे होते. प्रॉव्हिडंट फंडासाठी आजीने एका कचेरीच्या दहा वर्षं पायऱ्या झिजवल्या. इथले म्हणायचे तिकडे मागा, तिकडून उत्तर नाही. तुमच्या 17.5 टक्क्यांत तिचे पैसे कुठे होते?

हिशेबनीस: ताई, याचं समाधानकारक उत्तर माझ्याकडे नाही. तो वाटा दोन सरकारांमधला होता. तुमच्या आजी त्या बैठकीत नव्हत्या.

सडेतोड: ठीक आहे, ‘आपापलं फेडलं’ मागे घेतो. पण मग पाकिस्तानने हप्ते का दिले नाहीत, तेही सांगा. लष्करी सामानाचा ठरलेला वाटा पूर्ण मिळाला नाही, असं ते म्हणतात.

हिशेबनीस: म्हणतात, आणि ती तक्रार पोकळ नाही. पण दोघांचं येणं-देणं समोरासमोर मांडून कधी मिटवलंच गेलं नाही.

रानवारा: म्हणजे 300 कोटी गेले.

हिशेबनीस: वहीत आहेत.